डायरीच्या ॲपला कुलूप आहे, पण आतलं लिखाण खरंच बंद आहे का?

ओवी_सांगली | ८ जानेवारी, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी. तांत्रिक विभागात पहिल्यांदाच लिहितेय, प्रश्न चुकीच्या जागी असेल तर संपादकांनी हलवावा.

२०२१ मध्ये सासऱ्यांना पक्षाघात झाला, तेव्हापासून मी रोज रात्री फोनवरच्या एका डायरीच्या ॲपमध्ये लिहिते. भांडी आवरून, औषधं देऊन झाली की दहा-पंधरा मिनिटं. दिवसभर जे तोंडातून काढता येत नाही ते तिथे काढते. घर एकत्र आहे, माणसं चांगली आहेत, पण प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला सांगण्यासारखी नसते. ॲपला चार आकडी पिन आणि बोटाचा ठसा दोन्ही लावलेत, म्हणून मी निर्धास्त होते.

डिसेंबरमध्ये नवा फोन घेतला. जुन्या फोनमधलं सगळं हॉलमधल्या लॅपटॉपवर उतरवून घे, असं मी पुतण्याला सांगितलं. बारावीला आहे, त्याला हे सगळं येतं. ॲपने फोनच्या Documents मध्ये आपोआप बॅकअपची एक झिप फाइल ठेवली होती. त्याने ती कसली म्हणून उघडली. आत तारखांच्या नावाच्या फाइली होत्या, 2022-06-17.txt अशा. एक उघडली आणि पहिलं वाक्य त्याच्यासमोर आलं. ना पिन विचारला, ना ठसा. बिचारा तसाच उठून स्वयंपाकघरात आला, "काकू, हे तुमचं दिसतंय, मी बंद केलंय," म्हणाला आणि खाली बघत निघून गेला.

त्याच्यावर राग नाही. पण तेव्हापासून एक अक्षर लिहिलेलं नाही. हाच बॅकअप गुगल ड्राइव्हवरही जातो असं सेटिंगमध्ये दिसतंय, आणि माझं जीमेल त्याच लॅपटॉपवर कायम उघडं असतं.

मग पिन नक्की काय बंद करत होता? आणि लिखाण खरोखर बंद राहील असं कुठलं ॲप आहे? फोन अँड्रॉइडचा आहे, लिहिते मराठीत, फोटो फारसे लावत नाही.

पहाटवारा | ८ जानेवारी, रात्री ११.२०

ओवीताई, लिहिणं थांबवू नका. माझा अनुभव सांगतो, रात्री लिहिलं की मनात तेच घोळत राहतं. पहाटे उठून फक्त तीन ओळी लिहा, फोनवर साडेपाचचं रिमाइंडर लावा. सलग काही आठवडे केलं की हळूहळू जमतं. मी यासाठी सवयींचं एक ॲप वापरतो, त्यात रोज खूण केली की साखळी दिसते.

ओवी_सांगली | ८ जानेवारी, रात्री ११.३१

पहाटवारा, धन्यवाद, पण लिहिण्याची सवय चार वर्षांची आहे. लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येऊ नये, हा माझा प्रश्न आहे.

कडीकोयंडा | ९ जानेवारी, सकाळी ७.४५

मी पुण्यात मोबाइल ॲप बनवण्याचं काम करतो, दोन ॲपमध्ये अशी कुलपं स्वतः लिहिली आहेत. त्यामुळे आत काय असतं ते सांगू शकतो.

बहुतेक डायरीच्या ॲपमध्ये पिन हा फक्त एक पडदा असतो. तुम्ही ॲप उघडता, पिन बरोबर आला की पडदा बाजूला होतो. मागे तुमचं लिखाण साध्या अक्षरांत एका डेटाबेस फाइलमध्ये पडलेलं असतं आणि पिनचा त्या फाइलशी संबंध नसतो. फोनच्या आत असताना ती फाइल दुसऱ्या ॲपला वाचता येत नाही, कारण अँड्रॉइड प्रत्येक ॲपला आपापल्या खोलीत ठेवतं. पण त्याच ॲपने बॅकअप म्हणून एक प्रत बाहेर काढून Documents मध्ये किंवा ड्राइव्हवर ठेवली की त्या प्रतीला ना खोली, ना पडदा. तुमच्या पुतण्याने काहीही तोडलं नाही. त्याने रस्त्यावर पडलेलं पत्र उचललं, एवढंच.

एन्क्रिप्शन म्हणजे लिखाणच एका किल्लीने गुंतवून ठेवणं. मग फाइल कुठेही गेली, लॅपटॉपवर, ड्राइव्हवर, चोराकडे, तरी किल्लीशिवाय तो नुसता कचरा असतो.

तुम्हाला दोन्ही हवंय, आणि दोन्हीची कामं वेगळी आहेत. घरात कुणी सहज फोन उचलला तर कुलूप उपयोगी पडतं. प्रत फोनबाहेर गेली की एन्क्रिप्शन.

ॲप निवडताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो. 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारून काय होतं? ईमेलवर लिंक येते, नवा पासवर्ड टाकला की नव्या फोनवरही जुनं लिखाण सगळं परत दिसतं, असं असेल तर किल्ली कंपनीकडे आहे. 'तुमच्या शाळेचं नाव काय' असं विचारून पिन काढता येत असेल तर बहुधा तिथे किल्लीच नाही, नुसता पडदा आहे. आणि 'विसरलात तर आम्हीही काही करू शकत नाही' असं ठणकावून लिहिलं असेल तर ते वाचायला कठोर वाटतं, पण आपल्याला तेच हवंय.

वैनगंगा | ९ जानेवारी, सकाळी ९.१०

थोडं जास्त घाबरवताय असं वाटतं. अँड्रॉइड १० पासूनचे नवे फोन मुळातच एन्क्रिप्टेड असतात. गुगल ड्राइव्हसुद्धा फाइली एन्क्रिप्ट करूनच ठेवतं. म्हणजे दोन्हीकडे एन्क्रिप्शन आहेच. ओवीताईंनी फक्त लॅपटॉपवरची झिप काढून टाकावी, झालं.

कडीकोयंडा | ९ जानेवारी, सकाळी ९.४०

वैनगंगा, दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण निष्कर्ष निघत नाही. फोनचं एन्क्रिप्शन फोन बंद असताना, चोरीला गेल्यावर कामाला येतं. आपण स्क्रीन उघडली की फोन सगळं उलगडून देतो, आणि लॅपटॉपवर उतरवलेली प्रत उलगडलेलीच उतरते. ड्राइव्हवरची किल्ली गुगलकडे असते आणि तुमच्या खात्यात जो शिरला त्याला फाइल उघडून मिळते. ओवीताईंच्या बाबतीत खातं हॉलमध्ये दिवसभर उघडं आहे. गुगलच्या इमारतीतून कुणी डिस्क पळवली तर ते एन्क्रिप्शन उपयोगी, घरातल्या लॅपटॉपवर नाही.

मोगरा७२ | ९ जानेवारी, दुपारी २.०५

माझं जरा वेगळं झालं होतं, सांगते. ॲपला बोटाचा ठसा लावला आणि मी खूश. सहा महिन्यांनी लक्षात आलं की फोनमध्ये ह्यांचाही ठसा आहे! गाडीत असताना ह्यांना नकाशा बघायला लागतो म्हणून मीच दिला होता. डायरीचं ॲप त्यांच्या बोटानेही उघडत होतं. मी एका रविवारी दुपारी हे झोपले असताना त्यांचं बोट हळूच लावून बघितलं आणि ॲप उघडलं. पोटात गोळाच आला. त्यांनी कधी उघडलं असेल असं नाही, पण आपण चार महिन्यांपूर्वी काय लिहिलं होतं ते रात्रभर आठवत राहिले.

कडीकोयंडा | ९ जानेवारी, दुपारी ३.३०

मोगराताई, बरोबर पकडलंत. ॲपला बोट कुणाचं ते कळतच नाही. फोन फक्त एवढंच सांगतो की नोंदवलेल्यांपैकी एक ठसा जुळला. काही ॲप नवा ठसा नोंदवला गेला की पुन्हा पासवर्ड मागतात, पण आधीपासून असलेले ठसे चालतातच. घरात ठसे वाटलेले असतील तर डायरीसाठी ठसा बंद ठेवून वेगळा पासकोड ठेवा, आणि तो फोनच्या पिनपेक्षा वेगळा असू द्या.

वैनगंगा | ९ जानेवारी, रात्री ९.१५

कडीकोयंडा, तुमचं वाचून मी माझं ॲप तपासलं. बॅकअप काढला, लॅपटॉपवर घेतला, नोटपॅडमध्ये उघडला. सुरुवातीला PK अशी अक्षरं आणि पुढे सगळी विचित्र चिन्हं. मराठी एकही शब्द नाही. मग झिप म्हणून उघडली, आतल्या फाइलमध्येही मराठी नाही, असं आहे:

```
{"date":"2024-08-14","text":"\u0906\u0908 \u0906\u0932\u0940"}
```

म्हणजे माझं ॲप एन्क्रिप्ट करतं. मूळ मुद्दा मान्य, पण सगळी ॲप सारखी नसतात.

कडीकोयंडा | ९ जानेवारी, रात्री ९.५०

तपासलंत हे उत्तम केलंत, आणि इथे मराठीत लिहिणारा प्रत्येक जण फसतो, म्हणून सविस्तर लिहितो.

PK ही झिपची खूण आहे. झिप म्हणजे दाबून बसवलेली फाइल, कुणालाही उघडता येते. आत जे \u0906 दिसतंय ते एन्क्रिप्शन नाही. प्रत्येक देवनागरी अक्षराला युनिकोडमध्ये एक क्रमांक असतो आणि काही ॲप फाइल लिहिताना अक्षराऐवजी तो क्रमांक लिहितात. 0906 म्हणजे आ, 0908 म्हणजे ई. ब्राउझरमध्ये F12 दाबून Console उघडा, हे अवतरणचिन्हांसकट टाका आणि एंटर मारा:

```
"\u0906\u0908 \u0906\u0932\u0940"
```

'आई आली' असं दिसेल. तुमच्या १४ ऑगस्टच्या नोंदीची सुरुवात तशी होती का, तुम्हीच बघा.

कुणालाही घरी करता येईल अशी तपासणी सांगतो. डायरीत एक खोटी नोंद करा आणि तिच्यात रोमन लिपीतला एक शब्द टाका जो दुसरीकडे कुठे येणार नाही, उदाहरणार्थ kharutai77. रोमन अशासाठी की त्याचे असे क्रमांक होत नाहीत. मग बॅकअप काढा, लॅपटॉपवर आणा. झिप असेल तर उघडा, आत झिप असेल तर तीही उघडा. प्रत्येक फाइल नोटपॅडमध्ये घेऊन Ctrl+F ने तो शब्द शोधा. सापडला तर विषय संपला, लिखाण उघडं आहे. फाइलची सुरुवातच SQLite format 3 या अक्षरांनी होत असेल तर तोही साधा डेटाबेस आहे, कुठल्याही फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने उघडतो.

शब्द सापडला नाही म्हणून मात्र लिखाण सुरक्षित आहे असं सिद्ध होत नाही. फाइल वेगळ्या पद्धतीने दाबलेली असू शकते. ही तपासणी फक्त नापास करू शकते, पास करू शकत नाही.

वैनगंगा | ९ जानेवारी, रात्री १०.२०

'आई आली' असंच आलं. त्या दिवशी आई गावाहून आली होती. माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. तीन वर्षं हेच ॲप मी दोघा मित्रांनाही सुचवलं होतं, त्यांना आत्ता फोन करतोय.

न्यूजर्सीकर | १० जानेवारी, सकाळी ६.३०

मी डे वन वापरतो, आधी आयफोनवर, आता अँड्रॉइडवरही. त्यांनी २०१७ मध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आणलं. २०२१ मध्ये ऑटोमॅटिक नावाच्या कंपनीने डे वन विकत घेतलं तेव्हा जरा धाकधूक होती, पण ती व्यवस्था तशीच राहिली. किल्ली तुम्हाला देतात, D1 ने सुरू होणारी लांबलचक अक्षरांची माळ असते. ती जपून ठेवायची जबाबदारी आपली. मी ती छापून पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवली आहे. नव्या फोनवर खात्याचा पासवर्ड टाकला तरी किल्ली दिल्याशिवाय एक नोंद उलगडत नाही.

बायको आयफोनवर ॲपलचंच जर्नल वापरते, ते डिसेंबर २०२३ मध्ये आलं. तिला वेगळं काही करावं लागलं नाही, फक्त खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी आणि फोनला पासकोड हवा. पण ओवीताईंचा फोन अँड्रॉइड, त्यामुळे तो मार्ग त्यांच्यासाठी नाही.

ओवी_सांगली | १० जानेवारी, सकाळी ११.१५

डे वनला दरवर्षी पैसे भरावे लागतात असं दिसतंय. फुकट किंवा एकदाच पैसे घेणारं काही आहे का? मला दिवसाला एक पान मराठी लिहायचंय, बाकी काही नको.

कडीकोयंडा | १० जानेवारी, दुपारी १.००

तुमच्या गरजेला मी स्टँडर्ड नोट्स सुचवेन. ती डायरी म्हणून बनवलेली नाही, साधी वही आहे. दिनदर्शिका नाही, मूडचे चेहरे नाहीत. फुकट योजनेत साधा मजकूर लिहिता येतो आणि तेवढंच तुम्हाला हवंय. लिखाण फोनमधून निघण्याआधीच एन्क्रिप्ट होतं, हे मुद्दाम चालू करावं लागत नाही. ॲपचा प्रोग्राम खुला आहे, म्हणजे तो कसा लिहिलाय ते कुणालाही तपासता येतं. एप्रिल २०२४ मध्ये ते प्रोटॉन या कंपनीत सामील झाले. रोज नवी नोट काढून शीर्षकात तारीख लिहायची. आतला पासकोड लावला की फोनमधली किल्लीही त्या पासकोडने झाकली जाते, त्यामुळे इथला पासकोड नुसता पडदा नाही.

बॅकअप काढताना तिथे दोन पर्याय येतात, एन्क्रिप्टेड आणि डिक्रिप्टेड. दुसरा निवडलात तर पुन्हा तीच झिप, तीच उघडी पत्रं. चांगल्या ॲपमध्येही घोटाळा याच ठिकाणी होतो.

जॉप्लिनचंही नाव ऐकाल. ते चांगलं आहे, फुकट आहे, पण त्यात एन्क्रिप्शन आपण स्वतः सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. शिवाय ते फक्त सिंक होणाऱ्या प्रतींसाठी आहे, उपकरणातला डेटाबेस साधाच राहतो. हॉलमधल्या लॅपटॉपवर जॉप्लिन टाकलंत तर त्या लॅपटॉपवर बसणाऱ्याला ते वाचता येईल. तुम्ही मात्र कुठलंही ॲप घ्या, त्या लॅपटॉपवर ते बसवूच नका.

कासवगती | १० जानेवारी, दुपारी ४.४०

ज्यांना जुनं ॲप सोडवत नाही त्यांच्यासाठी. मी बॅकअपची झिप क्रिप्टोमेटर या प्रोग्रामच्या एन्क्रिप्टेड तिजोरीत टाकतो आणि ती तिजोरी ड्राइव्हवर ठेवतो. फाइलींची नावंसुद्धा दिसत नाहीत. काम चालतं, पण दर वेळी झिप हाताने हलवावी लागते आणि ॲपची स्वतःची ड्राइव्ह सिंक बंद ठेवावी लागते. मी दोनदा विसरलो आणि उघडी झिप आठवडाभर डाउनलोड्समध्ये पडून होती. विसराळू माणसाला हा मार्ग सांगणार नाही.

भोरचा_वाटाड्या | १० जानेवारी, रात्री ८.२०

पासवर्डबद्दल माझी गोष्ट ऐका, मराठी लोकांना उपयोगी पडेल. मी एका एन्क्रिप्टेड ॲपला फोनवरून देवनागरीत पासवर्ड ठेवला होता. मराठी शब्द कोण ओळखणार असा विचार. त्यात 'पायऱ्या' हा शब्द होता. वर्षभर फोनवर बिनतक्रार चाललं. मग लॅपटॉपवर तेच ॲप घेतलं, तोच पासवर्ड टाकला, तर चुकीचा! दहा वेळा टाकला. पुन्हा सेट करायची सोय नाही. वर्षभराचं लिखाण गेलं असं समजून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

सुदैवाने फोनवर ॲप अजून आत होतं. ऑफिसातल्या एका मुलीने कारण शोधलं. फोनचा कळफलक 'ऱ्या' लिहिताना नुक्त्याचा ऱ वापरतो. लॅपटॉपचा कळफलक साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतो. दिसायला दोन्ही हुबेहूब सारखं. पासवर्डच्या चौकटीत तर नुसते ठिपके दिसतात, तिथे काय कळणार!

कडीकोयंडा | १० जानेवारी, रात्री ९.००

वाटाड्या, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. एकाही माहितीपत्रकात हे सापडणार नाही. एन्क्रिप्शनला दिसण्याशी देणंघेणं नाही, आतले क्रमांक वेगळे म्हणजे किल्ली वेगळी. दऱ्या, पायऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर, असे सगळे शब्द धोक्याचे. शब्द मराठीच घ्या, पण रोमन लिपीत टाका. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द पुरेत, ujed-parat-killa-bhendi-shahat अशा धर्तीवर. (हाच वापरू नका, तो आता इथे छापला गेलाय.) म्हणी आणि अभंगाच्या ओळी टाळा.

पासवर्ड विसरलात पण एखाद्या फोनवर खातं अजून उघडं असेल, तर बाहेर पडू नका. आधी तिथून लिखाण बाहेर काढून घ्या, मग बाकीचं बघा.

चार आकडी पिनबद्दलही सांगतो. काही ॲप फाइल खरोखर एन्क्रिप्ट करतात, पण किल्ली त्या पिनवरूनच बनवतात. चार आकड्यांच्या जोड्या होतात १०,०००. फाइल हातात असलेल्या माणसाला फोनसारखी 'पाच वेळा चुकलात, थांबा' ही अडवणूक नसते. प्रत्येक प्रयत्नाला पूर्ण एक सेकंद लागतो असं धरलं तरी सगळ्या जोड्या पावणेतीन तासांत संपतात. तिथे एन्क्रिप्शन हा शब्द जाहिरातीत खरा असतो आणि व्यवहारात त्याचा उपयोग नसतो.

जास्वंद | ११ जानेवारी, सकाळी १०.३०

मला वेगळंच विचारायचंय. माझी आई गेली तेव्हा कपाटात तिच्या वह्या सापडल्या. हिशोब, पाककृती आणि मधेमधे दोन-दोन ओळी स्वतःविषयी. त्या ओळींमुळे मला माझी आई पहिल्यांदा कळली. तुम्ही सगळे सांगताय तसं तिने केलं असतं तर मला काहीच मिळालं नसतं. किल्ली कुणाला द्यायचीच नाही का?

मोगरा७२ | ११ जानेवारी, सकाळी ११.००

जास्वंद, मला माझं कुणी वाचायला नकोय. मी गेल्यावरही नकोय. माझ्या मुलींना मी जशी दिसले तशीच राहू दे. रागाच्या भरात लिहिलेलं एक पान वाचून त्यांनी तेच माझं खरं मन मानलं तर मी ते खोडून काढायला नसणार.

न्यूजर्सीकर | ११ जानेवारी, संध्याकाळी ६.१०

मी मधला मार्ग काढलाय. दोन वेगळ्या जर्नल. एकीत मुलांसाठी लिहितो, तिच्याबद्दल सगळं बायकोला माहीत आहे. दुसरी फक्त माझी. अडचण एवढीच की रात्री दमून बसल्यावर कुठलं वाक्य कुठल्या जर्नलमध्ये जाणार हे ठरवत बसलो की लिहिणं राहून जातं.

जास्वंद | ११ जानेवारी, संध्याकाळी ६.४५

आईने ठरवून ठेवल्या होत्या की राहून गेल्या, हे मला कधीच कळणार नाही. मोगराताई, तुमचं म्हणणं समजतं, पण पटत नाही.

ओवी_सांगली | १४ जानेवारी, रात्री ११.०५

सगळ्यांचे आभार. चार दिवसांत काय काय केलं ते लिहिते, कुणाला उपयोगी पडेल.

kharutai77 ची नोंद जुन्या ॲपमध्ये केली. बॅकअपमध्ये एका मिनिटात सापडली. आता शंका उरली नाही.

ड्राइव्ह उघडलं तर तिथे बॅकअप दिसेना. वाटलं, गेलाच नसेल. कडीकोयंडांना व्यक्तिगत निरोप केला, त्यांनी सांगितलं की ॲप ड्राइव्हच्या लपलेल्या भागात ठेवतं. लॅपटॉपवर ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये Manage apps मध्ये गेले, तिथे त्या ॲपच्या नावापुढे ३१२ एमबी अशी नोंद होती. चार वर्षं. Options मधून Delete hidden app data केलं, मग Disconnect from Drive. लॅपटॉपवरची झिप काढली, रीसायकल बिनही रिकामं केलं. त्या लॅपटॉपवरून जीमेलमधून बाहेर पडले. घरातल्यांना सांगितलं, वीजबिल वगैरे माझ्या फोनवरून भरेन.

जुना फोन पुतण्याला द्यायचा ठरलाय. त्यातलं गुगल खातं काढून पूर्ण रीसेट केला, मगच त्याच्या हातात दिला. त्याला इतकंच म्हटलं, "तू त्या दिवशी बंद केलंस ते बरं केलंस." तो 'हो' म्हणाला, दोघांनाही पुढे बोलता आलं नाही.

स्टँडर्ड नोट्स घेतलंय. पाच शब्दांचा पासवर्ड रोमन लिपीत, एका कागदावर लिहून माझ्या बहिणीकडे मिरजेला बंद पाकिटात ठेवलाय. ती उघडणार नाही, खात्री आहे. जास्वंद, तुमचा प्रश्न डोक्यात होता म्हणून पाकिटावर काय लिहावं यावर अर्धा तास गेला. शेवटी काहीच लिहिलं नाही, नुसती माझी सही आहे. बहिणीने विचारलं, "मी काय करायचं याचं?" मी म्हटलं, सांगेन.

एक शंका उरली आहे. जुनी चार वर्षं नव्या ठिकाणी न्यायची तर एकेक फाइल उघडून उतरवावी लागेल, चौदाशेच्या आसपास आहेत. काल २०२१ चा जुलै काढला, सहा नोंदी उतरवल्या आणि सातवीपाशी थांबले. ती पुन्हा वाचावी लागत होती. न वाचता सगळ्या एकदम नेता येतात का?

कडीकोयंडा | १५ जानेवारी, सकाळी ७.२०

येतात. स्टँडर्ड नोट्समध्ये Import चा पर्याय आहे, साध्या txt फाइली एकत्र निवडून देता येतात. प्रत्येक फाइलचं नाव शीर्षक होतं, म्हणजे तुमच्या तारखाही राहतील. आधी दहाच फाइली घालून बघा, मराठी अक्षरं नीट येतात का ते तपासा, मग उरलेल्या. आणि हे तुमच्या फोनवरच करा.

ओवी_सांगली | १५ जानेवारी, रात्री १०.४०

दहा आल्या, अक्षरं नीट आहेत. उरलेल्या रविवारी. आज जुनं राहू दिलं आणि आजचीच नोंद केली, बऱ्याच दिवसांनी.